सहा रिंगांचं पत्र

माझ्या टेबलावर दोन ड्रॉइंगं शेजारी शेजारी पसरलेली होती. दोन्हींवर त्याच इमारतीचे तेच अठरा कॉलम होते. आकार तोच, ३०० बाय ४५० मिलिमीटर. आत त्याच सोळा मि.मी.च्या दहा सळया, काँक्रीट तेच एम ३०, पायाही तोच. एका ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘आर-०’ लिहिलं होतं आणि दुसऱ्याच्या ‘आर-१’. हाताभराच्या अंतरावरून पाहिलं तर या दोन कागदांत काय वेगळं आहे हे मलाही चटकन सांगता आलं नसतं, आणि ती दोन्ही मीच काढलेली होती.

पुण्याच्या एका उपनगरातली ही सोसायटी. तळमजला आणि वर तीन मजले. मूळ आराखड्यात तळमजल्यावर दोन कार्यालयं आणि सोसायटीची बैठकीची खोली होती, म्हणजे कॉलमच्या मधे विटांच्या भिंती होत्या. पायाचं काम सुरू झाल्यावर सभासदांनी ठरवलं की खोल्या नकोत, गाड्यांना जागा हवी. आर्किटेक्टने तळमजल्याच्या भिंती पुसल्या आणि तिथे पार्किंगच्या रेघा मारल्या. त्याच्या दृष्टीने सोपा बदल. माझ्या दृष्टीने तेच अठरा कॉलम आता वेगळ्या इमारतीखाली उभे होते.

ड्रॉइंग बदललं की ते साइटवर पाठवण्याची एक ठरलेली रीत आहे. जिथे बदल झाला त्या भागाभोवती ढगासारखी नागमोडी रेघ काढतात, शेजारी छोट्या त्रिकोणात बदलाचा आकडा टाकतात आणि खाली तक्त्यात तारखेसह एक ओळ लिहितात: ‘कॉलमचं डिटेल सुधारलं.’ ढग कुठे बदललं ते दाखवतो. काय बदललं ते शोधावं लागतं, आणि का बदललं ते तर त्यात नसतंच. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका गॅलरीचं सुधारित ड्रॉइंग अशाच एका ओळीच्या निरोपासह पाठवलं होतं. गॅलरीच्या वरच्या थरातल्या सळया आतल्या स्लॅबमध्ये जास्त लांब न्यायच्या होत्या. यार्डात, जिथे सळया कापतात तिथे, भिंतीवर जुनंच प्रिंट चिकटवलेलं राहिलं आणि फिटरांनी त्यावरून सळया कापल्या. स्लॅब भरून झाल्यावर ते लक्षात आलं. गॅलऱ्या फोडून पुन्हा कराव्या लागल्या. चूक कोणाची यावर बरीच चर्चा झाली, पण ड्रॉइंग काढणारी मी होते आणि एक परिच्छेद लिहिण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. तेव्हापासून सळईत बदल झाला की ड्रॉइंगसोबत मी सुपरवायझरला पत्र लिहिते. मराठीत, आणि जमेल तितकं सविस्तर.

या साइटचे सुपरवायझर वयाने माझ्या वडिलांएवढे आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. त्यांना लिहिलेल्या पत्राची सुरुवात अशी होती:

“काका, सप्रेम नमस्कार. सोबत कॉलमचं सुधारित ड्रॉइंग आर-१ पाठवत आहे. आधी न बदललेल्या गोष्टी सांगते, म्हणजे त्या शोधण्यात वेळ जाणार नाही. कॉलमचा आकार, उभ्या सळयांची संख्या आणि जाडी, कव्हर ४० मि.मी., रिंगेची जाडी १० मि.मी. आणि दर थरातल्या तीन पिना, हे सगळं आर-० प्रमाणेच आहे. बदल तीन आहेत आणि तिन्ही पार्किंगच्या मजल्याशी जोडलेले आहेत. आर-० ची सगळी प्रिंटं, यार्डातलं आणि ऑफिसच्या कपाटातलंसुद्धा, कृपया गोळा करून त्यांवर ‘रद्द’ असं मोठं लिहा आणि माझ्याकडे परत पाठवा. फोनमधली जुनी फाइलही पुसा, कारण फिटर हल्ली फोनवरच बघतात.”

पहिला बदल रिंगांचा. कॉलममध्ये उभ्या सळया असतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्या सळयांना बाहेरून वेढणारी चौकोनी कडी म्हणजे रिंग. आतल्या समोरासमोरच्या सळयांना एकमेकींशी अडकवणारा छोटा तुकडा म्हणजे पिन. पाहणाऱ्याला वाटतं की सळया जागेवर राहाव्यात म्हणून हे बांधलेलं आहे. काँक्रीट भरेपर्यंत ते खरंही असतं. पण रिंगेचं मोठं काम भूकंपात सुरू होतं.

काँक्रीटवर उभा दाब आला की ते आडवं फुगू पाहतं. हातात ओल्या मातीचा गोळा धरून वरून दाबला तर तो बोटांच्या फटींतून बाहेर येतो, तसंच. रिंगा ही ती बोटं. त्या जवळ असतील तर आतलं काँक्रीट कोंडलेलं राहतं आणि बरंच जास्त दबून, वाकूनही भार उचलत राहतं. फटी मोठ्या असतील तर ते बाहेर सांडतं. दुसरी गोष्ट उभ्या सळईची. फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबली की ती मधेच बाहेर वाकते; तिचा छोटा तुकडा तसा सहज वाकत नाही. कॉलममधली सळई दोन रिंगांच्या मधल्या तुकड्यात अशीच बाहेर वाकू पाहते. म्हणून रिंगांमधलं अंतर सळईच्या जाडीशी बांधलेलं असतं.

भूकंपात काँक्रीटच्या इमारती कशा बांधाव्यात याच्यासाठी आपल्याकडे आय.एस. १३९२० ही संहिता आहे. पहिली १९९३ ची, मग २०१६ ची सुधारित. कॉलमच्या टोकांशी रिंगा किती जवळ हव्यात याच्या तिथे तीन कसोट्या आहेत आणि तिन्हींतली सर्वांत कमी धरायची. कॉलमच्या लहान बाजूचा चौथा भाग: ३०० चा चौथा भाग ७५. सर्वांत बारीक उभ्या सळईच्या सहापट: १६ च्या सहापट ९६. आणि काही झालं तरी १०० पेक्षा जास्त नाही. आपल्या कॉलमला ७५ लागू होतं. टोकापासून किती उंचीपर्यंत ठेवायचं याच्याही तीन कसोट्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी घ्यायची: कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग, किंवा ४५० मि.मी. आपली मोठी बाजू ४५०. प्लिंथ बीमच्या माथ्यापासून पहिल्या मजल्याच्या बीमच्या तळापर्यंत मोकळी उंची २७००, तिचा सहावा भाग ४५०. तिन्ही उत्तरं एकच येण्याचा हा योग क्वचितच येतो.

आर-० मध्ये म्हणून खालचे ४५० आणि वरचे ४५० यांत रिंगा ७५ वर होत्या आणि मधल्या १८०० मध्ये १०० वर. साध्या कॉलममध्ये हे बरोबर आहे. इमारत आडवी हलली की कॉलम टोकांशी सर्वांत जास्त वाकतो, मधे जवळजवळ वाकत नाही. जिथे जास्त वाकतो तिथे जास्त रिंगा.

भिंती गेल्यावर हे गणित बदलतं. वरच्या तीन मजल्यांवर विटांच्या भिंती आहेत. त्या भार उचलण्यासाठी बांधलेल्या नसल्या तरी कॉलम-बीमच्या चौकटीत घट्ट बसलेल्या असतात, त्यामुळे वरची इमारत एका खोक्यासारखी ताठ राहते. खाली मोकळं पार्किंग. जमीन हलली की सगळं झुकणं त्या एका मजल्यात एकवटतं, जणू चार काठ्यांवर जड पेटी ठेवून काठ्यांची टोकं हलवावीत. शिवाय वरच्या भिंती पहिल्या मजल्याच्या बीमवर येऊन थांबतात, त्यांचा हिसका त्याच कॉलममध्ये उतरतो, आणि ‘मधे वाकत नाही’ ही खात्री राहत नाही. भिंत जिथे अर्ध्यात थांबते तिथे तिला खालून धरणाऱ्या कॉलममध्ये टोकांच्या रिंगांचंच अंतर पूर्ण उंचीभर ठेवा, असं संहिता सांगते.

२६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप अनेकांच्या लक्षात असेल. अहमदाबाद त्या केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होतं, तरी तिथे कितीतरी इमारती कोसळल्या, आणि त्यांत खाली पार्किंग व वर भिंतींचे मजले अशा खूप होत्या. पडक्या कॉलममध्ये दूर दूर असलेल्या रिंगा आणि उघडलेले हुक दिसले. आमच्या पिढीतल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी शिकताना ते फोटो पाहिले आहेत आणि अजूनही पार्किंग म्हटलं की मला आधी तेच आठवतात.

पत्रात हे सगळं एवढ्या विस्ताराने लिहिलं नव्हतं. तिथे एवढंच होतं:

“बदल पहिला. पार्किंगच्या मजल्यात सर्व अठरा कॉलमना खालपासून वरपर्यंत रिंगा ७५ वर. मधल्या १८०० चं १०० चं अंतर रद्द. पहिली रिंग प्लिंथ बीमच्या वर अर्धा गाळा सोडून. असं धरलं तर एका कॉलमला आधी ३० रिंगा होत्या, आता ३६. कॉलममागे सहा रिंगा आणि अठरा पिना वाढल्या. रिंग आणि तिच्या तीन पिना मिळून साधारण १.६ किलो, म्हणजे कॉलमला दहा किलोच्या आतबाहेर आणि सगळ्या मजल्याला पावणेदोनशे किलोपेक्षा थोडं कमी. मालकांनी खर्च विचारला तर हा आकडा सांगा. सुधारित बी.बी.एस. सोबत आहे.”

बी.बी.एस. म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, कुठली सळई किती लांब कापायची आणि कशी वाकवायची याचा तक्ता. यार्डातला माणूस ड्रॉइंगपेक्षा याच्यावरच चालतो. ड्रॉइंग बदललं आणि हा तक्ता जुनाच राहिला, तर सुधारणा कागदावरच राहते.

काकांनी हा भाग वाचून फोन केला. “मॅडम, भिंती काढल्या म्हणजे वजन कमी झालं. मग सहा रिंगा वाढल्या कशाला?” प्रश्न अगदी रास्त होता. उभं वजन खरंच कमी झालं होतं. पण भिंत वजन देत होती तशी आडव्या हलण्याला अडवतही होती, आणि आपण तिचं अडवणं काढून घेतलं होतं. त्या अडवण्याची भरपाई फक्त रिंगांनी होत नाही हेही मी त्यांना सांगितलं. लिफ्टभोवती आणि जिन्याच्या मागे आर.सी.सी. भिंती पायापासून वरपर्यंत नेल्या, त्याचं वेगळं ड्रॉइंग निघालं, आणि मोठं आडवं बळ आता त्या भिंती घेतात. रिंगा कॉलमला तुटण्यापासून वाचवतात, इमारतीला ताठ करत नाहीत. ही मर्यादा सुपरवायझरला माहीत असायला हवी, नाहीतर पुढच्या साइटवर कोणी ‘रिंगा वाढवल्या की झालं’ असं म्हणेल.

दुसरा बदल जोडाचा, ज्याला साइटवर लॅप म्हणतात. सळई बाजारात बारा मीटर लांब मिळते, इमारत त्याहून उंच असते, त्यामुळे कुठेतरी एका सळईशेजारी दुसरी ठेवून पुढे जावंच लागतं. लॅपमध्ये दोन सळया एकमेकींना बळ थेट देत नाहीत. एक सळई काँक्रीटला देते आणि काँक्रीट दुसरीला देतं. मधलं काँक्रीट फुटलं की देवघेव थांबते. आमच्या सोळाच्या सळईला एम ३० मध्ये लॅप किमान ७२५ येतो, आम्ही ७५० धरतो. तो कॉलमच्या मोकळ्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच यावा आणि एका ठिकाणी निम्म्याहून जास्त सळया जोडू नयेत, असा नियम आहे. स्लॅबच्या लगेच वर सगळ्या सळया एकत्र जोडण्याची जुनी सवय अजून पुष्कळ साइटांवर दिसते. तिथे उभं राहून बांधायला सोपं जातं म्हणून ती टिकली आहे, आणि कॉलम सर्वांत जास्त वाकतो तीच ती जागा.

आर-० मध्ये पाच सळयांचा लॅप तळमजल्याच्या मध्यावर होता आणि उरलेल्या पाचांचा पहिल्या मजल्याच्या मध्यावर. नियमाला धरून होतं. पण आता हा मजला सर्वांत जास्त झुकणार, तर तिथे जोड नकोच असं मी ठरवलं.

“बदल दुसरा. पार्किंगच्या मजल्यात एकही लॅप नाही. पाच सळया सरळ पहिल्या मजल्यापर्यंत जातील, त्यांचा लॅप तिथल्या स्लॅबच्या वर ८२५ ला सुरू होऊन १५७५ ला संपेल. उरलेल्या पाच दुसऱ्या मजल्यापर्यंत जातील आणि तिथे त्याच उंचीवर लॅप. लॅपच्या लांबीत रिंगा १०० पेक्षा दूर नकोत. पायातल्या वाकासकट छोटी सळई साधारण सात मीटर आणि मोठी दहा मीटर होते. दोन्ही बारा मीटरच्या सळईत बसतात. एवढ्या उंच सळया मोकळ्या उभ्या राहिल्या की वाऱ्याने हलतात आणि पायाशी ताजं काँक्रीट सैल करतात. म्हणून पाया भरण्याआधी पहाडाला दोन उंचींवर आडवे पाइप लावून त्यांना आधार द्या. मध्येच अडचण होते म्हणून कोणी सळई वाकवून ठेवली आणि नंतर सरळ केली, असं होऊ देऊ नका.”

पहाड म्हणजे इथे लोखंडी पाइपांचा पालख. काका याला पहाडच म्हणतात, तसंच त्यांचे जुने फिटर सोळाच्या सळईला पाच सूत आणि दहाच्या रिंगेला तीन सूत म्हणतात. पत्र लिहिताना मी मिलिमीटर वापरते, पण कंसाबाहेर एकदा सूतही लिहून टाकते. ज्याला बांधायचं आहे त्याच्या तोंडी असलेला शब्द कागदावर असला की तो थांबून विचारतो, नसला की अंदाजाने पुढे जातो.

आता खरी अडचण. सहा कॉलमचा पाया आर-० प्रमाणे भरून झाला होता. त्यांच्या पाच-पाच सळया प्लिंथच्या वर १७२५ ला संपत होत्या. त्या वाढवायच्या कशा? फिटर म्हणाला, वेल्डिंग करू. सुधारित ड्रॉइंगासोबतच्या पत्राने सगळ्यात आधी उत्तर द्यायचं असतं ते या प्रश्नाला: जे आधीच झालं आहे त्याचं काय? ड्रॉइंग याबद्दल बोलत नाही. ते नेहमी कोऱ्या जमिनीवर बांधायला निघाल्यासारखं असतं.

“ज्या सहा कॉलमच्या सळया उभ्या आहेत त्यांत लॅप तळमजल्यातच राहू द्या. तो मधल्या अर्ध्या भागात आहे, निम्म्याच सळयांचा आहे, त्यामुळे नियमात बसतो, आणि आता त्याच्याभोवती रिंगा ७५ वर येणार आहेत. सळई वाढवायला वेल्डिंग अजिबात नको. उष्णतेने सळई त्या जागी ठिसूळ होऊ शकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. उभ्या सळईला जागेवर आटे पाडून कपलर लावणंही नको, आटे सरळ पडतील याची खात्री देता येत नाही. त्या सहा कॉलमचे आकडे ड्रॉइंगवर वेगळे लिहिले आहेत. हे कॉलम तसेच ठेवण्याचा निर्णय माझा आहे आणि तो माझ्या सहीने नोंदवला आहे.”

शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिते. सुपरवायझरला एखादी गोष्ट ड्रॉइंगपेक्षा वेगळी ठेवायला सांगितली, तर पुढे कोणी तपासायला आल्यावर ती त्याच्या अंगावर येऊ नये.

तिसरा बदल म्हणावा तर बदल नव्हता. कॉलम आणि बीम जिथे एकमेकांतून जातात त्या सांध्यातही रिंगा चालू ठेवायच्या, हे आर-० च्या टिपांमध्ये लिहिलेलं होतं. पण टिपा कोणी वाचत नाही. आर-१ मध्ये मी त्या सांध्याचा उभा छेद मोठा करून काढला आणि त्यात रिंगा एकेक दाखवल्या. बीम ६०० खोल, ७५ चा गाळा, म्हणजे आठ रिंगा.

या आठ रिंगा का गळतात हे साइटवर उभं राहिलं की कळतं. कॉलमच्या रिंगा बीमच्या तळापर्यंत बांधून होतात आणि कॉलम भरला जातो. मग बीमचा पिंजरा वर बांधून तसाच सेंट्रिंगमध्ये खाली सोडतात. तो एकदा बसला की कॉलमच्या सळयांभोवती बंद रिंग घालायला वाटच उरत नाही. वरून घालावी तर बीमच्या सळया आडव्या येतात. मग फिटर काय करतो? एखादी रिंग घालतो आणि पुढे जातो, नाहीतर दोन तुकडे वाकवून चौकोनासारखे दिसतील असे ठेवतो. वरून स्लॅब भरल्यावर कोणालाच काही दिसत नाही. भूकंपात मात्र बीम आणि कॉलम दोघांचं बळ याच चौकोनातून कर्णाच्या दिशेने जातं.

“बदल तिसरा, सांध्यातल्या आठ रिंगा. यासाठी काम करण्याचा क्रम बदलावा लागेल. बीमचा पिंजरा सोडण्याआधी आठही रिंगा कॉलमच्या सळयांत वरून घालून सेंट्रिंगच्या पातळीवर एकावर एक रचून ठेवा. मग बीमच्या सळया जागेवरच एकेक ओवून बांधा, तयार पिंजरा सोडू नका. बीमच्या खालच्या सळया बसल्या की रिंगा एकेक वर सरकवून ७५ वर तारेने बांधा, नंतर वरच्या सळया. एका सांध्याला वेळ जास्त जाईल. तो ठेकेदाराच्या दरात धरायला मी सांगितलं आहे, म्हणजे फिटरांच्या पोटावर येणार नाही.”

यापुढे पत्रात हुकाची एक आकृती होती, हाताने काढलेली. रिंगेची दोन टोकं जिथे मिळतात तिथे ती आत, कॉलमच्या पोटात वळलेली हवीत, १३५ अंशांत, आणि वळल्यानंतर सरळ भाग किमान ६५ मि.मी. काटकोनात वळवलेलं टोक कडेने सरळ पडून राहतं, म्हणजे बाहेरच्या ४० मि.मी. काँक्रीटमध्ये. भूकंपात हे बाहेरचं काँक्रीट आधी गळून पडतं आणि टोक उघडतं. मग रिंग असून नसल्यासारखी. १३५ चा हुक यंत्राने सहज वाकतो, हाताने वाकवताना त्रास होतो आणि बांधताना रिंग सळयांत अडकते. म्हणून फिटर आधी काटकोन ठेवतो, ‘बांधल्यावर आत दाबतो’ म्हणतो, आणि मग दाबायचं राहून जातं. शिवाय सगळ्या हुकांचे कोपरे एकाच सळईवर येऊ नयेत. पहिली रिंग एका कोपऱ्यात, पुढची दुसऱ्यात, असे फिरते ठेवायचे.

तपासण्याची सोपी रीत मी लिहून दिली. प्रत्येक गाळा मोजत बसू नका. टेपचं टोक एका रिंगेवर धरा आणि ७५० वर खूण करा: दहा गाळे भरले पाहिजेत. तळाशी, मधे आणि वर, असं तीनदा करा. मग नुसत्या डोळ्यांनी पाहा, कुठल्याही रिंगेचं टोक बाहेरच्या बाजूला चमकत असेल तर ती रिंग बदला. सेंट्रिंगची शेवटची फळी लावण्याआधी तीन बाजूंनी फोटो, टेप दिसेल असा, आणि कॉलमचा आकडा खडूने लिहून.

एक धोका रिंगा वाढल्यामुळेच तयार होतो, तो सांगितल्याशिवाय पत्र पूर्ण झालं नसतं. रिंगा दाट, त्यात तीन पिना, सहा कॉलममध्ये लॅपच्या दुहेरी सळया. अशा पिंजऱ्यात साठची नीडल आत जात नाही. मग मजूर ती वरवर फिरवतात आणि फळी काढल्यावर कॉलममध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. बाहेरून सिमेंटने लिंपली तरी आत पोकळी तशीच राहते, आणि काँक्रीटच नसेल तर रिंगा कोंडणार कशाला? चाळीसची नीडल आणा, खडी वीसहून मोठी नको, काँक्रीट अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या थरांत भरा आणि प्रत्येक थराला नीडल लावा. मिश्रण घट्ट वाटलं तर पाणी घालू नका, मला फोन करा. पातळपणा रसायनाने वाढवता येतो.

पत्र चार पानांचं झालं. शेवटी नेहमीप्रमाणे लिहिलं होतं: “यात काही साइटवर न बसणारं दिसलं तर बांधण्याआधी सांगा.”

तीन दिवसांनी काकांचा फोन आला. ते जिन्यापाशी उभे होते. “मॅडम, जिन्याच्या दोन कॉलमला मधल्या लँडिंगचा बीम येतो. तुम्ही पहिल्या मजल्यावर लॅप ८२५ ते १५७५ लिहिलाय. लँडिंगचा बीम दीड मीटरवर. लॅप बरोबर त्याच्यात घुसतोय. चालेल का?”

नाही चालणार. अठरा कॉलमना एकच डिटेल लावताना मी हे दोन वेगळे काढायला हवे होते. लँडिंगचा बीम त्या कॉलमचे दोन आखूड तुकडे करतो. तिथे सांधा तयार होतो, आणि सांध्यात लॅप चालत नाही. शिवाय असा आखूड तुकडा लांब कॉलमपेक्षा ताठ असल्यामुळे हिसक्याचा जास्त वाटा स्वतःकडे ओढतो. त्याला रिंगा पूर्ण उंचीभर दाट हव्यात, फक्त पार्किंगमध्ये नाही, वरच्या मजल्यांवरही. सुदैवाने त्या दोन कॉलमच्या सळया अजून यार्डात होत्या, कापलेल्याही नव्हत्या.

त्याच संध्याकाळी आर-२ निघालं. ढग फक्त दोन कॉलमभोवती. सोबतचं पत्र एवढंच:

“काका, तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे, माझ्याकडून राहिलं होतं. जिन्याच्या दोन कॉलमना लॅप कुठेच नाही. सळया आय.एस. १६१७२ प्रमाणे तपासलेल्या कपलरने जोडायच्या, आटे यार्डात यंत्रावर पाडून, सळई उभी करण्याआधी. पाच कपलर एका मजल्यावर, पाच वरच्या, आणि लँडिंगच्या बीमपासून दूर. नेमक्या उंच्या ड्रॉइंगवर आहेत. या दोन कॉलमना रिंगा सगळ्या मजल्यांवर ७५. बाकीच्या सोळांचं आर-१ प्रमाणेच. आर-१ ची प्रिंटं परत पाठवा. शनिवारी सकाळी मी येते, त्या दोन कॉलमची पहिली रिंग बांधताना आपण दोघं तिथे असू.”